किचनच्या सर्किटवर एमसीबी पडतो: क्लॅम्प मीटरने जास्त अँपिअर ओढणारं उपकरण कसं शोधायचं?

नवखा_तारवाला

किचनचं एक सर्किट 16 अँपिअरच्या एमसीबीवर आहे, सी कर्व्हचा. त्यावर फ्रिज, मायक्रोवेव्ह, ओटीजी, वॉटर प्युरिफायर आणि शेजारच्या बाल्कनीतलं फ्रंट लोड वॉशिंग मशीन. मशीन आणि ओटीजी एकत्र चालू असले की वीसेक मिनिटांत एमसीबी पडतो. लगेच वर केला तर काही वेळा राहतो, काही वेळा पुन्हा पडतो. आरसीसीबी मात्र कधीच पडत नाही.

एखादं उपकरण बिघडून जास्त करंट ओढतंय का ते बघायला क्लॅम्प मीटर आणलं. फ्रिजच्या वायरवर लावलं तर 0.00, मशीनच्या वायरवर 0.00, मायक्रोवेव्ह चालू असताना 0.02. मीटर एसी अँपिअरवरच ठेवलेलं आहे, बॅटरी नवी आहे. मीटरच सदोष असेल का?

फेज_न्यूट्रल

मीटर ठीक आहे. तुम्ही अख्खी केबल जबड्यात घेतलीत. त्या केबलमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही आहेत. एकीतून जितका करंट जातो तितकाच दुसरीतून उलटा येतो, त्यामुळे बाहेर चुंबकीय क्षेत्रच उरत नाही आणि मीटर शून्य दाखवतं. जबड्यात एकच कोअर यायला हवी, फेज किंवा न्यूट्रल. दोन्हींवर आकडा सारखाच येतो.

उपकरणाची मूळ वायर सोलू नका. त्याऐवजी मीटरभर लांबीची छोटी एक्स्टेन्शन बनवा: तीन कोअरची 2.5 चौरस मिमीची केबल, एका टोकाला 16 अँपिअरचा प्लग, दुसऱ्या टोकाला 16 अँपिअरचं सॉकेट. केबलच्या मधोमध वीत-दीड वीत बाहेरचं आवरण उभं चिरून काढायचं. आतल्या तिन्ही कोअरच्या इन्सुलेशनला ब्लेड लागता कामा नये. लागलं तर तो तुकडा टाकून नवा घ्या, टेप गुंडाळून चालवू नका. मग फेजची कोअर थोडी बाहेर ओढली की जबडा आरामात बसतो. अर्थिंगची कोअर अखंड राहते, हे महत्त्वाचं. काम झालं की ही केबल काढून ठेवायची, ती कायमच्या वापराची नाही.

बिल_बघा

याच मीटरने वीजबिल का वाढलंय ते काढता येईल का? अँपिअर गुणिले 230 केलं की वॅट, त्याला तासांनी गुणलं की युनिट. फ्रिजला 0.9 अँपिअर म्हणजे 207 वॅट, दिवसाला जवळजवळ 5 युनिट!

फेज_न्यूट्रल

धाग्याचा विषय बिल नाही, पण हा हिशोब दोन ठिकाणी चुकतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर चोवीस तास चालत नाही. शिवाय मोटरचा पॉवर फॅक्टर एक नसतो, म्हणून 0.9 अँपिअर ओढणारा फ्रिज प्रत्यक्षात 207 वॅटच्या बराच खाली असतो. क्लॅम्पला व्होल्टेज दिसत नाही, तेव्हा पॉवर फॅक्टरही कळत नाही. बिलासाठी प्लगमध्ये लावायचा एनर्जी मीटर घ्या आणि किमान दोन दिवस लावून ठेवा. वायर आणि एमसीबी तापतात ते मात्र अँपिअरमुळे, म्हणून इथे क्लॅम्पच योग्य.

शॉर्टकट_नको

एवढा खटाटोप कशाला? डीबीचं झाकण उघडा, त्या एमसीबीच्या खालून निघणाऱ्या वायरला क्लॅम्प लावा आणि एकेक उपकरण चालू करत जा. आकडा जितका वाढेल तितका त्या उपकरणाचा. सगळ्यांची बेरीज 16 च्या वर गेली की एमसीबी पडणारच.

मीटरवाली

पद्धत बरोबर आहे, बेरजेबद्दलचं शेवटचं वाक्य नाही.

16 अँपिअरचा एमसीबी 16.1 ला पडत नाही. घरगुती एमसीबी ज्या आयईसी 60898 प्रमाणे बनतात, त्यात 1.13 पट करंटला, म्हणजे सुमारे 18 अँपिअरला, तो तासभर पडता कामा नये. 1.45 पटीला, म्हणजे साधारण 23 ला, तासाच्या आत पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात काहीही होऊ शकतं. हे सगळं आतल्या बायमेटलच्या तापण्यावर चालतं, म्हणून वेळ लागतो. झटक्यात पडणारा भाग वेगळा, तो सी कर्व्हमध्ये 5 ते 10 पटीला काम करतो, म्हणजे इथे 80 ते 160 अँपिअरला.

म्हणून एमसीबी पडायला किती वेळ लागतो ही पहिली खूण. स्विच दाबताक्षणी पडला तर शॉर्ट शोधायचा, क्लॅम्प बाजूला ठेवायचा. वीस मिनिटांनी पडत असेल तर प्रकरण तापण्याचं आहे. ते उपकरणामुळे तापतंय की आणखी कशामुळे, ते आकडे घेतल्यावरच कळेल.

आणि डीबीचं झाकण: एमसीबी खाली केला तरी वरचा बसबार जिवंतच असतो. ज्याला त्या पेटीत हात घालायची सवय नाही त्याने वायरमनला बोलवावं, नाहीतर वरची एक्स्टेन्शन वापरावी. मीटरवर कॅट 3 असं छापलेलं नसेल तर डीबीत ते नकोच.

नवखा_तारवाला

एक्स्टेन्शन बनवली. एकेक उपकरण तिच्यावरून चालवून आकडे घेतले. मापताना व्होल्टेज 226 ते 230 होतं.

वॉटर प्युरिफायर 0.2. मायक्रोवेव्ह 5.6, त्याच्या पाटीवर इनपुट 1250 वॅट आहे. ओटीजी 6.4, पाटीवर 1500 वॅट. वॉशिंग मशीनमध्ये नुसता ड्रम फिरतो तेव्हा आकडा 0.5 ते 1.3 असा नाचतो आणि पाणी तापायला लागलं की 9.2. पाटीवर 2100 वॅट.

फ्रिजचं मात्र विचित्र निघालं. पाटीवर 0.9 अँपिअर लिहिलंय. एक्स्टेन्शन लावून सुरू केला तर 6.8! आठ-दहा सेकंद तिथेच, मागून हलकी घरघर, मग टक् असा आवाज आणि 0.00. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. चोर सापडला ना?

शॉर्टकट_नको

सापडला. कॉम्प्रेसर जाम झालाय. 0.9 च्या जागी 6.8, म्हणजे सातपट. मशीन आणि ओटीजीचे 15.6 त्यात मिळवले की 22 च्या वर. फ्रिज दुरुस्तीला द्या.

थंड_डोक्याने

थांबा, फ्रिजला इतक्यात फासावर देऊ नका. एक्स्टेन्शन मध्ये घालायला फ्रिजचा प्लग काढला असणार. काढल्यापासून किती वेळाने परत लावला?

नवखा_तारवाला

लगेच. अर्ध्या मिनिटात.

थंड_डोक्याने

मग हा आकडा मापण्याच्या पद्धतीने तयार केलाय, फ्रिजने नाही.

साधा, इन्व्हर्टर नसलेला कॉम्प्रेसर बंद होतो तेव्हा त्याच्या एका बाजूला गॅसचा दाब जास्त असतो, दुसऱ्या बाजूला कमी. तो समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटर दाबाविरुद्ध फिरूच शकत नाही. अडकलेली मोटर चालू मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते, तेच तुमचे 6.8. त्यात बऱ्याच फ्रिजमध्ये सुरू करून देणारा पीटीसी रिले असतो. तोही गरम असेपर्यंत स्टार्ट वाइंडिंगला पुरेसा करंट देत नाही, तोही थंड व्हावा लागतो. ती घरघर म्हणजे अडकलेली मोटर, आणि टक् म्हणजे ओव्हरलोड प्रोटेक्टरने तिला तोडणं. चांगल्या फ्रिजमध्येही असंच होतं.

आता नीट मापा. फ्रिजचा प्लग काढा, एक्स्टेन्शन लावून ठेवा, दहा मिनिटं थांबा, मग स्विच द्या. जोर लावून सुरू होणारा मोठा आकडा सेकंदाच्या आत खाली यायला हवा. नंतर दोन-तीन मिनिटांनी जो आकडा स्थिरावेल तो पाटीशी ताडून बघा. दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतरही घरघर आणि टक् झालं, तर रिले किंवा कॉम्प्रेसरवर संशय घ्यायला जागा आहे.

फेज_न्यूट्रल

अगदी. एमसीबी पडल्यावर लगेच वर केला की कधी राहतो, कधी पुन्हा पडतो, याचं अर्धं उत्तरही इथेच आहे. बायमेटल अजून गरम असतं, आणि चालू असताना बंद पडलेला फ्रिज त्याच क्षणी अडकलेल्या मोटरचा करंट मागतो. एमसीबी पडला की आधी मोठी उपकरणं बंद करा, पाचेक मिनिटं जाऊ द्या, मगच वर करा.

बारीक_नजर

सुरुवातीचा धक्का मापायचा असेल तर MAX वर भरवसा ठेवू नका. साधं मीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा घेतं, त्यामुळे अर्ध्या सेकंदात उरकलेली सुरुवात त्याच्या हाती अर्धवट लागते. एकदा 3 दाखवेल, एकदा 7. मीटरवर INRUSH असं बटण असेल तर ते वापरा, ते मोटर सुरू होताच पहिल्या काही मिलिसेकंदांपासून मोजायला लागतं. नसेल तर सुरुवात सोडून द्या आणि स्थिर आकड्यावर लक्ष ठेवा. या धाग्यातल्या प्रश्नाला सुरुवातीच्या धक्क्याची गरजही नाही, 80 अँपिअरच्या जवळपास काहीच जात नाहीये.

मायक्रोवेव्हचा 5.6 मात्र मनात थोडा सैल धरा. त्याच्या करंटचा आकार स्वच्छ साइन नसतो. मीटरवर ट्रू आरएमएस लिहिलेलं नसेल तर खरा आकडा यापेक्षा जास्त असू शकतो. ओटीजी आणि मशीनचा हीटर यांच्याबाबत हा प्रश्न येत नाही.

नवखा_तारवाला

मीटर ट्रू आरएमएस आहे, आणि INRUSH सुद्धा आहे.

दहा मिनिटं थांबून फ्रिज लावला. INRUSH वर 7.3 आलं, लगेच 1.1 वर उतरलं आणि पाच मिनिटांनी 0.8 ला स्थिर. घरघर नाही, टक् नाही. फ्रिज निर्दोष सुटला.

पण मग चोर कोण? सगळ्यांचे आकडे पाटीशी जुळतायत.

आरसीसीबीग्रस्त

आमच्याकडे पाऊस सुरू झाला की आरसीसीबी पडतो. हीच युक्ती करून लीकेज कुठल्या उपकरणात आहे ते कळेल का? फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात घेतले की शून्य यायला हवं ना, नाही आलं तर लीकेज?

मीटरवाली

तत्त्व बरोबर, मीटर चुकीचं. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा असेल तर तो त्याच्याही आधी पडू शकतो. साध्या क्लॅम्पचा शेवटचा अंक 0.01 अँपिअरचा, म्हणजे 10 मिलिअँपिअरचा, आणि जबडा नुसता हलवला तरी तो एक-दोन अंक इकडेतिकडे होतो. लीकेजसाठी वेगळं, मिलिअँपिअर वाचणारं क्लॅम्प मिळतं. आणि पावसातच पडत असेल तर उपकरणांआधी बाहेरचे दिवे आणि जंक्शन बॉक्स बघा. यासाठी वेगळा धागा काढलात तर बरं होईल.

आता मूळ प्रश्न. चोर कोण, याआधी चोरी झालीय का ते बघावं लागेल. हीटर असलेल्या उपकरणाने पाटीपेक्षा खूप जास्त ओढणं मुळातच अवघड असतं. 2000 वॅटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स सुमारे 26 ओहम असतो, आणि 230 व्होल्टला त्यातून 8.7 अँपिअरच जाणार. मशीनचं 9.2 म्हणजे हीटर अधिक फिरणारा ड्रम, हिशोब जुळतो. एलिमेंट खराब होतं तेव्हा ते बहुतेक वेळा तुटतं किंवा बॉडीला लीकेज देतं, आणि मग आरसीसीबी पडतो. तुमचा तो पडत नाही. गुपचूप जास्त करंट ओढतात त्या मोटर: बेअरिंग घासतंय, कपॅसिटर उतरलाय, एसीच्या बाहेरच्या युनिटवर धूळ बसलीय. तुमच्याकडे त्यातलं मोठं काही नाही.

तेव्हा बेरीज बघा. मशीन 9.2, ओटीजी 6.4, फ्रिज 0.8, मिळून 16.4. प्रत्यक्ष एकत्र मापाल तर त्याहून किंचित कमीच येईल, कारण मोटर आणि हीटरचे करंट सरळ बेरजेने जमत नाहीत. आणि 18 पर्यंत एमसीबी तासभर पडायला नको, असं वर लिहिलंय. तो मायक्रोवेव्ह बंद असतानाही पडतो का? पडत असेल तर उपकरणं सोडा, एमसीबीकडे बघा.

शॉर्टकट_नको

एवढंच असेल तर 25 चा एमसीबी बसवा, विषय संपला.

फेज_न्यूट्रल

विषय नाही, वायर संपेल. भिंतीतली वायर 1.5 चौरस मिमीची असेल तर 16 च तिला काठावर आहे. 2.5 असली तरी पाइपमध्ये किती वायर एकत्र ओढल्यात ते बघितल्याशिवाय 25 चा विचारही करायचा नाही. शिवाय त्या सर्किटवरची सॉकेटं 16 अँपिअरचीच आहेत. एमसीबी वायरला वाचवायला असतो, आपली सोय बघायला नाही.

नवखा_तारवाला

वायरमनला बोलवून डीबी उघडून घेतली. क्लॅम्प एमसीबीच्या खालच्या फेज वायरवर, शेजारच्या वायरींपासून दूर धरून. सगळं बंद: 0.00. मग मशीन गरम पाण्यावर, ओटीजी आणि फ्रिज, मायक्रोवेव्ह पूर्ण बंद. आकडा 16.2. ओटीजीचा थर्मोस्टॅट तोडायचा तेव्हा 9.9, जोडला की परत 16.2. अठराव्या मिनिटाला एमसीबी पडला. त्या क्षणी आकडा 16.1 होता.

मीटरवाली

छान मापलंत, आता शंका उरली नाही. थर्मोस्टॅट तोडत होता म्हणजे सरासरी 16 च्याही खाली, आणि तरी अठरा मिनिटांत पडला. बायमेटलला करंटशिवाय आणखी कुठून तरी उष्णता मिळतेय.

मिळण्याच्या जागा थोड्याच असतात. पहिली, एमसीबीचं टर्मिनल सैल. सैल सांध्यात उष्णता तयार होते आणि ती तांब्यातून थेट आत जाते. दुसरी, शेजारचा एमसीबी. गीझरचा त्याला चिकटून असेल आणि दोन्ही एकाच वेळी चालत असतील तर एकमेकांना तापवतात. तिसरी, एमसीबी स्वतःच जुना होऊन आतले कॉन्टॅक्ट खराब झालेत.

वायरमन तिथे आहे तोवर बदलाबदलीआधी एक गोष्ट मापून घ्या: लोड चालू असताना मल्टिमीटरने एमसीबीच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूमधलं व्होल्टेज. 16 अँपिअरच्या चांगल्या एमसीबीवर ते पाव व्होल्टच्या आत राहतं. स्क्रूवर कमी आणि वायरच्या तांब्यापासून मोजल्यावर जास्त आलं, तर दोष सांध्यात. स्क्रूपासून स्क्रूपर्यंतच जास्त आलं, तर दोष एमसीबीत.

नवखा_तारवाला

तुमचा निरोप उशिरा वाचला, तोवर काम उरकलं होतं. खालच्या टर्मिनलचा स्क्रू जवळजवळ पाऊण फेरा फिरला, म्हणजे सैल होताच. वायरचं टोक काळवंडलेलं, आणि साधारण एक सेंटिमीटर इन्सुलेशन कडक, तपकिरी. वायरमनने तेवढं कापून नवं तांबं काढलं, आणि एमसीबीही त्याच वेळी बदलला. वायर 2.5 ची निघाली. गीझरचा एमसीबी शेजारीच आहे, तो हलवलेला नाही.

नव्याने तीच चाचणी केली: 16.2 वर 40 मिनिटं, एमसीबी पडला नाही. गीझर बंद होता.

थंड_डोक्याने

मग सैल सांधा की जुना एमसीबी, हे आता कळणार नाही. दोन्ही एकदम बदलले. काळवंडलेल्या टोकाकडे बघता माझं मत सांध्याकडे.

फेज_न्यूट्रल

माझंही. पण गीझर चालू ठेवून चाचणी व्हायची राहिलीय, आणि थंडीत सकाळी तेच होणार आहे. त्यात मायक्रोवेव्ह आला की आकडा 21-22 वर जाईल, म्हणजे 18 आणि 23 च्या मधल्या पट्ट्यात. तिथे नवा एमसीबीही कधीतरी पडेल, आणि तेव्हा तो बरोबरच असेल. मशीनला डीबीपासून स्वतंत्र वायर हा खरा इलाज.

शॉर्टकट_नको

त्यासाठी भिंत फोडायची? मशीन थंड पाण्यावर चालवा, 9.2 चे 1.3 होतात.

मीटरवाली

हे पटलं. किंवा मशीनमधलं पाणी तापत असताना ओटीजी लावू नका. हीटर सुरुवातीच्या टप्प्यातच चालतो, ड्रम नुसता फिरायला लागला की मोकळीक. तो टप्पा तुमच्या मशीनमध्ये किती मिनिटांचा आहे ते एक्स्टेन्शनवर क्लॅम्प लावून एकदा बघून घ्या: 9 चा आकडा एकच्या आसपास येईपर्यंत.

नवखा_तारवाला

बघतो. रविवारी गीझरसकट चाचणी करून इथे आकडे टाकतो. तो टर्मिनलचा स्क्रू किती घट्ट करायचा असतो? वायरमनने अंदाजाने पिळला.

मीटरवाली

किती टॉर्क ते एमसीबीच्या अंगावर किंवा त्याच्या कागदावर छापलेलं असतं, या आकाराला बहुतेक 2 न्यूटन-मीटरच्या आसपास. फार पिळलं तर वायरचे बारीक धागे कापले जातात आणि सांधा पुन्हा सैल होतो. बहुधागी वायर असेल तर टोकाला फेरूल दाबून घ्या. आठवड्याभराने सप्लाय मेनमधून बंद करून वायरमनकडून स्क्रू पुन्हा एकदा तपासून घ्या.